त्याच उंबऱ्याशी पुन्हा गेल्याशिवाय बदल कळत नाही

एखाद्या जिल्ह्यात दहा वर्षांपूर्वी शंभरातली चाळीस घरे गरीब होती आणि आज तीस आहेत, असे दोन सर्वेक्षणांवरून कळले, की आपण म्हणतो, दहा घरे गरिबीतून बाहेर आली. वर्तमानपत्रात तसेच छापून येते, विधानसभेतही तसेच बोलले जाते. पण त्या दोन आकड्यांत असे काहीही म्हटलेले नाही. दहा घरे वर आली आणि बाकीची नव्वद जिथल्या तिथे राहिली, असे घडलेले असू शकते. पंचवीस वर आली आणि पंधरा नव्याने खाली घसरली, असेही असू शकते. चाळीसच्या चाळीस बाहेर पडली आणि दुसरीच तीस घरे आत आली, तरी आकडे चाळीस आणि तीसच राहतील. पहिल्या जिल्ह्यात तीस घरे पिढ्यान्‌पिढ्या अडकून पडली आहेत. तिसऱ्यात कोणीही कायमचे अडकलेले नाही, पण सुरक्षितही कोणी नाही. या दोन जिल्ह्यांसाठी एकच योजना आखणे म्हणजे एका जिल्ह्यातले पैसे वाया घालवणे होय.

हे तीन जिल्हे एकमेकांपासून वेगळे ओळखायचे तर उपाय एकच आहे. पहिल्या वेळी ज्या घरांना विचारले, त्याच घरांकडे पुन्हा जायचे. अशा सर्वेक्षणाला पॅनेल म्हणतात. आपल्याकडे सरकारी पैशाने होणारी बहुतेक मोठी सर्वेक्षणे मात्र एकवेळची असतात. दर फेरीत नवी गावे, नवी घरे निवडायची, माहिती घ्यायची आणि निघून यायचे. पुढच्या फेरीत पुन्हा वेगळी घरे. समाज किती बदलला हा प्रश्न आपण सतत विचारतो, तो मोजणाऱ्या कामावर मात्र खर्च करत नाही. माझा आक्षेप नेमका याला आहे. तो पोकळ वाटू नये म्हणून आधी आपल्याच राज्यात झालेले एक काम तपशिलाने सांगतो.

१९७५ साली हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने सहा गावे निवडली. दोन सोलापूर जिल्ह्यातली, शिरापूर आणि कळमण. दोन अकोला जिल्ह्यातली, कंझरा आणि किनखेडा. उरलेली दोन, औरेपल्ली आणि डोकूर, त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगरची. शिरापूरकडे खोल काळी जमीन, पाऊस बेभरवशाचा आणि भर रब्बी ज्वारीवर. अकोल्याच्या गावांत पाऊस त्या मानाने खात्रीचा आणि खरिपात कापूस. प्रत्येक गावातून चाळीस घरे घेतली : दहा भूमिहीन मजुरांची, दहा लहान शेतकऱ्यांची, दहा मध्यम आणि दहा मोठ्या शेतकऱ्यांची. माहिती घेणारा माणूस गावातच राहणारा असे. शेतकी अर्थशास्त्र शिकलेला, ग्रामीण भागातून आलेला, गावची भाषा बोलणारा. दर तीन-चार आठवड्यांनी तो त्याच घरी जाई आणि मधल्या काळात कोणी किती दिवस मजुरी केली, काय विकले, काय विकत घेतले, कोणाकडून उसने आणले, कोणाला दिले हे लिहून घेई. ‘गेल्या वर्षी तुमचे उत्पन्न किती होते?’ असा प्रश्न वर्षातून एकदा टाकून तो मोकळा होत नसे. जोंधळा खळ्यावरून घरात येतो, त्यातला काही मजुरीत जातो, काही देण्यात जातो, उरलेला बाजारात जातो. हे सगळे कोणत्याही शेतकऱ्याला वर्षअखेरीस आठवून सांगता येत नाही. या कामाचे मोल आहे ते याच चिकाटीत.

या गावांमधल्या दोनशेच्या आसपास कुटुंबांच्या १९७५ ते १९८३ या काळातल्या नोंदी एकत्र लावून पाहिल्यावर जे दिसले, ते गरिबीचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या लोकांनी पुढे वारंवार सांगितले. कोणतेही एक सर्वसाधारण वर्ष घेतले, तर निम्मी कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पण सगळ्या वर्षी गरीब असलेली कुटुंबे जेमतेम एक पंचमांश होती. उरलेल्यांतली बहुतेक आत-बाहेर होत होती. एका वर्षी बैल मेला, एका वर्षी पाऊस हुकला, एका वर्षी घरातला कर्ता आजारी पडला, मग दोन वर्षे बरी गेली. त्याच गावांत त्यातल्या एखाद्याच वर्षी सर्वेक्षण झाले असते, तर अहवालात ‘निम्मे गाव गरीब’ एवढेच लिहिले गेले असते. दर वर्षी नवी चाळीस घरे निवडून नऊ वर्षे नऊ सर्वेक्षणे केली असती, तरी नऊ वेळा ‘निम्मे गाव गरीब’ हेच आले असते आणि वाचणाऱ्याने धरून चालले असते की हे तेच निम्मे आहेत. नऊ सर्वेक्षणांचा खर्च करूनही मूळ गोष्ट हाती लागली नसती.

हा फरक कागदावरचा नाही. रेशनकार्डाचा रंग, घरकुलाची यादी, आरोग्य विम्याचे लाभार्थी हे सगळे आपण एका वेळच्या मोजणीवर ठरवतो आणि ती यादी वर्षानुवर्षे चालवतो. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवरून काढलेली नावे २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेला लावली गेली. गरिबी एखाद्या घराला जन्मभर चिकटणारी गोष्ट असती, तर सात वर्षांनी जुनी यादी फार बिघडली नसती. पण शिरापूर-कंझऱ्याच्या नोंदी सांगतात की बहुतेक घरांच्या बाबतीत ती तशी नसते. ज्या वर्षी गणक आला, त्या वर्षी बरे चालले होते म्हणून यादीबाहेर राहिलेले आणि पुढच्याच दुष्काळात कोसळलेले घर प्रत्येक तालुक्यात सापडेल. तहसील कचेरीत त्याला सांगतात की तुमचे नाव यादीत नाही. त्याच्यावर झालेला अन्याय हा मोजणीच्या पद्धतीतून आलेला आहे. कारकुनाचा त्यात दोष नाही.

याच नोंदींतून निघालेली दुसरी एक गोष्ट मला पहिलीपेक्षाही मोलाची वाटते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात उभी राहिली. औरेपल्लीला ती नव्हती, शिरापूर आणि कंझऱ्याला होती. त्यामुळे तुलना आपोआपच जमली. वर्षावर्षाला उत्पन्न किती वरखाली होते हे प्रत्येक भूमिहीन घराच्या बाबतीत पाहिले, तेव्हा महाराष्ट्रातल्या दोन गावांतल्या भूमिहीनांची ही चढउतार औरेपल्लीच्या भूमिहीनांपेक्षा बरीच कमी निघाली. म्हणजे रोहयोचे काम नुसते चार पैसे देण्याचे नव्हते, वाईट वर्षाचा तडाखा बोथट करण्याचेही होते. आता विचार करा, हे एकवेळच्या सर्वेक्षणात कसे दिसणार? एका वर्षात एका घराचा एकच आकडा असतो, आणि एका आकड्याला चढउतार नसते. योजना चालू असलेल्या गावात मजुरांचे सरासरी उत्पन्न थोडे जास्त आहे एवढेच कळले असते आणि एखाद्या अर्थखात्याने विचारले असते की एवढ्याशा वाढीसाठी इतका खर्च कशाला. ज्या लाभासाठी योजना होती, तो लाभ मोजणीत आलाच नसता. अर्थात गावागावांत रोहयोखेरीज इतरही फरक होते, जमिनीचे, पावसाचे, सावकारीचे. तीन गावांवरून सगळे सिद्ध झाले असे कोणी म्हणू नये. पण प्रश्न नीट विचारता तरी आला.

पुढे १९९४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी याच तीन गावांच्या नोंदी घेऊन विचारले की एखाद्या घराचे उत्पन्न बुडाले, की त्याच वर्षी त्याचे खाणेपिणेही तितकेच बुडते का. उत्तर आले की फारसे नाही. घरांचा उपभोग गावाच्या सरासरीबरोबर हलत होता, स्वतःच्या उत्पन्नाचा त्यावरचा परिणाम त्या मानाने कमी होता. उसनवारी, साठवण, सोयरे अशा अनेक वाटांनी लोक एकमेकांना सावरत होते. भूमिहीनांना मात्र हा आधार कमी होता. खेडे म्हणजे केवळ शोषण असे मानणारे आणि खेडे म्हणजे केवळ आपुलकी असे मानणारे, दोघांनाही हा निष्कर्ष अडचणीचा आहे. तो निघाला कारण तेच घर चांगल्या वर्षी आणि वाईट वर्षी, दोन्ही वेळा पाहिलेले होते.

आता एकवेळच्या सर्वेक्षणाच्या बाजूने बोलतो, कारण त्याची बाजू भक्कम आहे आणि ती टाळून पॅनेलचा आग्रह धरणे चुकीचे ठरेल. आज राज्यात किती मुलींची लग्ने अठराच्या आत होतात, किती बालके कमी वजनाची आहेत, कोणत्या जिल्ह्यात किती घरांत नळ आहे, हे सांगायला नवा, ताजा, मोठा नमुनाच हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ते काम करते आणि त्याच्या दोन फेऱ्यांची तुलना करून राज्याची वाटचाल सांगणे पूर्णपणे योग्य आहे. पॅनेल हे काम वाईट करते, कारण पॅनेल म्हातारे होते. २००५ साली निवडलेल्या घरांत चाकण, हिंजवडी किंवा पनवेलच्या आसपास नंतर उभ्या राहिलेल्या वसाहती नसतात. परप्रांतातून नव्याने आलेला कामगार नसतो. वीस वर्षे तीच घरे धरून बसलात, तर तुम्हाला वीस वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्राची मुले-नातवंडे दिसतील, आजचा महाराष्ट्र दिसणार नाही. म्हणून चांगल्या पॅनेलमध्ये अधूनमधून नवी घरे घालावी लागतात.

वयाच्या बाबतीत मात्र एकवेळच्या सर्वेक्षणाचे वाचन हमखास घसरते, आणि चांगले शिकलेले लोकही तिथे फसतात. एकाच वर्षी घेतलेल्या माहितीत साठीच्या बायका सरासरी कमी शिकलेल्या आणि विशीतल्या जास्त शिकलेल्या दिसतात. वय वाढले म्हणून शिक्षण कमी होते असे इथे कोणी म्हणणार नाही, कारण शाळा एकदा शिकली की शिकली. पण शिक्षणाच्या जागी मत ठेवा. साठीचे लोक आंतरजातीय लग्नाला जास्त विरोध करतात, विशीतले कमी. लगेच निष्कर्ष निघतो की समाज बदलतो आहे, ही पिढी मोठी झाली की विरोध मावळेल. तसे असेलही. पण विशीतला मोकळेपणा चाळिशीत, स्वतःच्या मुलीच्या लग्नाची वेळ आली की, आटत असेल, तरीही एका वर्षाच्या तक्त्यात अगदी हेच चित्र दिसेल. पिढी बदलली की माणूस वयाप्रमाणे बदलतो, हे त्या तक्त्याला ठाऊक नसते. दर दहा वर्षांनी नव्या नमुन्यात त्याच पिढीतले लोक शोधले, म्हणजे २००५ चे विशीतले आणि २०१५ चे तिशीतले, तर पिढीची सरासरी कुठे सरकली हे बऱ्यापैकी कळते. कोणाचे मत कशानंतर बदलले, मुलीच्या शिक्षणानंतर, शहरात गेल्यावर की शेत विकल्यावर, हे तरीही कळत नाही. त्यासाठी तोच माणूस हवा.

‘मग त्यालाच विचारा ना, दहा वर्षांपूर्वी तुझे मत काय होते?’ असा सोपा उपाय सुचवला जातो. लग्न, मुलाचा जन्म, स्थलांतर अशा ठळक घटना लोक बऱ्यापैकी सांगतात. मत, उत्पन्न, कर्ज या गोष्टी मात्र आजच्या नजरेतून आठवतात. आज ज्याचे बरे चालले आहे, तो मागचे दिवस असतील त्याहून खडतर सांगतो. त्यात लबाडी नसते, आठवण तशीच चालते.

पॅनेलच्या खऱ्या दुखण्यांकडे येतो. तीन आहेत आणि तिन्ही गंभीर आहेत.

पहिले, गळती. दुसऱ्या फेरीला गेलात की काही घरांना कुलूप असते. नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च आणि अमेरिकेतले मेरीलँड विद्यापीठ यांनी मिळून केलेल्या भारत मानव विकास सर्वेक्षणात २००४-०५ मध्ये ४१ हजारांहून अधिक कुटुंबे होती. २०११-१२ मध्ये त्यातली ८३ टक्के पुन्हा सापडली. एवढ्या मोठ्या देशात सात वर्षांनी हे प्रमाण फारच चांगले आहे. पण खेड्यांत ते नव्वदच्या आसपास होते आणि शहरांत बहात्तरच्या. शहरातले भाडेकरू हलतात. हललेले आणि न हललेले लोक सारखे नसतात, म्हणून हातात उरलेल्या घरांवरून काढलेला निष्कर्ष एका बाजूला कलतो. किती कलतो याचे उत्तम उदाहरण टांझानियाच्या कागेरा भागातले आहे. तिथे १९९१ ते १९९४ मध्ये पाहिलेल्या कुटुंबांतल्या माणसांना २००४ मध्ये ती जिथे असतील तिथे जाऊन शोधले. गाव सोडून गेलेल्यांच्या उपभोगातली वाढ, स्थलांतराच्या परिणामामुळे, मागे राहिलेल्यांपेक्षा ३६ टक्केबिंदूंनी जास्त निघाली. संशोधक जुन्या पत्त्यांवर जाऊन, सापडले त्यांना विचारून परत आले असते, तर सर्वांत मोठा बदल त्यांच्या वहीबाहेरच राहिला असता. इक्रिसॅटच्या गावांतही २००१ नंतर काम पुन्हा सुरू झाले, आणि पुढे जुन्या कुटुंबांतून बाहेर गेलेल्या माणसांचा माग काढला गेला.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. मराठवाड्यातली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि मार्च-एप्रिलच्या आसपास परततात. सर्वेक्षणाची फेरी जानेवारीत गेली, तर बीडच्या वाडीवर म्हातारी माणसे आणि कुलपे भेटतील. गणक नियमाप्रमाणे ‘घर बंद’ लिहील आणि शेजारचे घर पर्यायी म्हणून घेईल. शेजारचे घर बहुधा जमीनवाले असेल. एका शेऱ्याने सर्वांत हलणारा माणूस नमुन्यातून बाहेर गेला. हे कळण्याचा मार्ग साधा आहे. पहिल्या फेरीतली माहिती आपल्याकडे असतेच, म्हणून गळालेली घरे आणि सापडलेली घरे पहिल्या फेरीत एकमेकांपेक्षा किती वेगळी होती हे तपासायचे. जमीन, जात, शिक्षण, कर्ज यांत मोठा फरक निघाला, तर गळती निरुपद्रवी नाही. हा तक्ता अहवालात छापलेला नसेल, तर त्या पॅनेलवर मी विश्वास ठेवणार नाही, आणि वाचकांनीही ठेवू नये.

घर वाटले जाणे हाही गळतीचाच भाऊबंद. दोन भाऊ वेगळे निघाले, चुली दोन झाल्या, जमिनीचे दोन तुकडे झाले. आता जुने घर कोणते? जो सर्वेक्षक फक्त थोरल्याकडे जातो, त्याला ‘कुटुंबाची जमीन निम्म्यावर आली’ असे दिसते आणि तो त्याला दारिद्र्य म्हणतो. दोघांकडे गेला, तर दिसते की धाकट्याने वाट्याची जमीन खंडाने देऊन तालुक्याला दुकान टाकले. म्हणून घराऐवजी माणसाला धरून चालावे आणि तो जिथे जाईल तिथे जावे. महाग पडते, पण आपल्याकडे एकत्र कुटुंबे ज्या वेगाने वेगळी होत आहेत, ते पाहता दुसरा रस्ता नाही.

दुसरे दुखणे, सवय. वारंवार विचारले की माणूस बदलतो. दर महिन्याला खर्च सांगणाऱ्या बाईला आपला खर्च आधीपेक्षा जास्त ठाऊक होतो. गावात राहणाऱ्या गणकाशी घरोबा होतो, त्याला काय आवडते हे कळते. काही जण प्रश्नांची लांबी ओळखून उत्तरे आखडतात : ‘जोडधंदा आहे’ म्हटले की वीस प्रश्न वाढतात, म्हणून पुढच्या फेरीत जोडधंदा नाहीसा होतो. याचा अंदाज घ्यायला त्याच गावातली काही नवी घरे त्याच वेळी विचारायची आणि जुन्यांशी ताडून पाहायची. म्हणजे पॅनेलची तपासणी करायला एकवेळचे सर्वेक्षणच लागते.

तिसरे दुखणे सर्वांत फसवे आहे, कारण ते पॅनेलच्याच बाजूने खोटी साक्ष देते. समजा शंभर घरे आहेत, त्यातली तीस खरोखर गरीब आहेत आणि दोन फेऱ्यांमध्ये एकही घर हललेले नाही. दर फेरीत दहातल्या एका घराची नोंद चुकते : गरीब घर बिगर-गरीब लिहिले जाते किंवा उलट. पहिल्या फेरीत तीसपैकी सत्तावीस गरीब बरोबर धरली जातील आणि सत्तरपैकी सात चुकून गरीब ठरतील, एकूण चौतीस. दुसऱ्या फेरीतही चौतीस. सरासरी जागची हलली नाही. पण घरागणिक जोड्या लावल्या, तर नऊ घरे गरिबीतून बाहेर पडलेली आणि नऊ नव्याने आत आलेली दिसतील. अठरा घरांची उलथापालथ, आणि प्रत्यक्षात एकही घर हललेले नाही. एकवेळच्या सर्वेक्षणांच्या तुलनेत या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी झाकतात. पॅनेलमध्ये त्या ‘बदल’ म्हणून उघड्या पडतात.

म्हणून वर सांगितलेल्या ‘निम्मे आणि एक पंचमांश’ या निष्कर्षातही थोडा वाटा चुकीच्या नोंदींचा असणार. दर तीन-चार आठवड्यांनी घेतलेल्या नोंदींमुळे तो कमी असेल, पण शून्य नाही. अलीकडचा एक आकडा याहून सावधपणे वाचायला हवा. मानव विकास सर्वेक्षणाच्या २०२२-२४ च्या तिसऱ्या फेरीवरून २०२४ मध्ये आलेल्या निबंधात देशातली गरिबी साडेआठ टक्क्यांवर आली असे म्हटले. त्यातले ३.२ टक्के आधीपासून गरीब होते आणि ५.३ टक्के नव्याने घसरलेले. म्हणजे आजच्या गरिबांपैकी निम्म्याहून जास्त दशकापूर्वी गरीब नव्हते. धोरणासाठी हे फार मोठे विधान आहे आणि ते पॅनेलशिवाय करताच आले नसते. तरी हिशेब करा : गरीब थोडे आणि बिगर-गरीब खूप असले, की बिगर-गरिबांतल्या शंभरातल्या दोन-तीन नोंदी जरी चुकल्या, तरी तेवढे ‘नवे गरीब’ कागदावर तयार होतात. त्यामुळे ५.३ मधला काही भाग खोटा असू शकतो. किती, हे तपासता येते. घर खरेच घसरले असेल तर उत्पन्नाबरोबर दुसऱ्या, संथपणे बदलणाऱ्या गोष्टीही हलल्या पाहिजेत : जनावरे विकली गेली, दागिना गहाण पडला, मुलगी शाळेतून काढली, कर्ज वाढले. यातले काहीच हलले नसेल आणि फक्त खर्चाचा आकडा रेषेखाली गेला असेल, तर नोंदीवर संशय घ्यावा. तीन फेऱ्या हातात असल्या तर आणखी सोपे होते, कारण चुकीची नोंद पुढच्या फेरीत बहुधा जागेवर येते, खरी घसरण सहसा इतक्या लवकर भरून निघत नाही. दोन फेऱ्यांचे पॅनेल अर्धेच पॅनेल असते, असे माझे ठाम मत झाले आहे.

खर्चाचा मुद्दा हमखास काढला जातो. पॅनेल महाग असते हे खरे, पण पूर्ण खरे नाही. निव्वळ सरासरीत किती फरक पडला एवढेच मोजायचे असले तरी तीच घरे दुसऱ्यांदा पाहण्याचा फायदा होतो. काल ज्याचा खर्च जास्त होता, त्याचा आजही बहुधा जास्त असतो. घराघरांतला हा कायमचा फरक पॅनेलमध्ये वजाबाकीत निघून जातो, नव्या नमुन्यात तो गोंगाट म्हणून शिल्लक राहतो. दोन फेऱ्यांतल्या आकड्यांचा परस्परसंबंध, एक म्हणजे पूर्ण जुळणी अशा मापावर, ०.६ असेल, तर हजार घरांचे पॅनेल जितक्या अचूकतेने बदल सांगते, तितक्यासाठी दर फेरीला अडीच हजार नवी घरे लागतात. संबंध जितका घट्ट, तितकी बचत मोठी. दीड हजार घरे वाचली, त्या पैशात हललेल्या कुटुंबांचा माग पुण्या-मुंबईपर्यंत काढता येतो.

सरकारला हे मुळीच माहीत नाही असेही नाही. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात २०१७ पासून शहरातल्या घरांकडे चार वेळा जातात, आणि २०२५ पासून खेड्यांतल्या घरांकडेही. पण या भेटी काही महिन्यांतच संपतात. कोणाची नोकरी गेली आणि लगेच मिळाली का, इतके त्यातून दिसते. मुलगा शेती सोडून गेल्यावर दहा वर्षांनी घर कुठे पोचले, हे दिसत नाही.

आत्ता याची सर्वांत जास्त गरज कुठे आहे ते सांगतो. ऑगस्ट २०२४ पासून महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात जाऊ लागले. काही वर्षांत कोणीतरी सर्वेक्षण करील आणि लाभार्थी व बिगर-लाभार्थी बायकांची तुलना छापील. लाभार्थी बायका घरातल्या निर्णयांत कमी बोलतात असे निघाले, तर योजना फसली म्हणतील. जास्त बोलतात असे निघाले, तर यशस्वी झाली म्हणतील. दोन्ही निष्कर्ष निराधार असतील, कारण पात्रताच उत्पन्नावर बेतलेली आहे आणि या दोन गटांतल्या बायका पैसे येण्याआधीपासूनच वेगळ्या होत्या. पैसे येण्यापूर्वी तीच बाई काय करत होती, बाजारात एकटी जात होती का, खाते स्वतः चालवत होती का, हे लिहून ठेवलेले हवे. ती वेळ गेली. पण रक्कम पुढे बदलेल, नियम बदलतील, काही बायका वगळल्या जातील, काही नव्याने येतील. त्या प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर त्याच बायकांना विचारता आले, तर बरेच काही शिकता येईल. त्यासाठी पहिली फेरी आत्ता व्हायला हवी.

मागण्या फार नाहीत. राज्याने जिल्हावार काही हजार घरांचे पॅनेल दहा वर्षांसाठी हाती घ्यावे, दर दोन वर्षांनी फेरी करावी आणि ऊसतोडीचे महिने टाळून करावी. घराऐवजी माणसाचा माग काढावा. दर फेरीत थोडी नवी घरे घालावीत. गळतीचा तक्ता सक्तीने छापावा. नावगाव काढून माहिती सर्व विद्यापीठांना खुली करावी. आणि ही सगळी तरतूद पहिल्याच शासन निर्णयात असावी, कारण आपल्याकडे पहिल्या फेरीला उद्‌घाटन असते, दुसरीला निधी नसतो. मधल्या काळात अधिकारी बदलतात, कंत्राटी संस्था बदलते, आणि पत्त्यांची यादी कोणाच्या संगणकात होती हे कोणालाच सांगता येत नाही. पत्ते, फोन, शेजाऱ्याचा फोन, माहेरचे गाव एवढी यादी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे, संमती घेऊन आणि कुलूपबंद ठेवली, तर दुसऱ्या फेरीचे निम्मे काम झालेले असेल.